विश्रांतवाडीत राहिलेला स्विच

उत्तरेश्वर गवळी हा माणूस गेली काही वर्षं कुठल्याही कार्यक्रमाला गेला की आधी विजेचे प्लग बघतो. लग्नाला गेला तरी बघतो. वधूवर बाजूला राहतात, मंडप बाजूला राहतो आणि हा खाली वाकून कुठली वायर कुठल्या बोर्डात गेलीय ते पाहत असतो. त्याची बायको नम्रता म्हणते, "अहो, पाहुणे म्हणून आलोय आपण. वर बघा जरा." तो वर बघतो, हसतो आणि दोन मिनिटांनी पुन्हा वाकतो. ही सवय त्याला कशी लागली, ती ही हकिकत.

तो मूळचा करमाळ्याकडचा. गावातल्या महादेवाचं नाव त्याला ठेवलेलं. सोलापुरात आयटीआय केलं आणि दोन हजार सातला तो पुण्यात आला. तेव्हा हिंजवडीत रोज नवी काचेची इमारत उभी राहत होती. प्रत्येक इमारतीत हजार टेबलं आणि प्रत्येक टेबलापर्यंत नेटवर्कची एक केबल. त्या केबली ओढायचं, त्यांना टोकं बसवायचं काम उत्तरेश्वरला मिळालं. आठ बारीक रंगीत तारा ओळीत लावायच्या, टोकात सरकवायच्या, पकडीने दाबायच्या. तीन वर्षांत त्याने किती टोकं दाबली याचा हिशेब नाही. आत बसून काम करणाऱ्या मुलांच्या गळ्यात ओळखपत्रं असायची. याच्या गळ्यात केबलचं भेंडोळं असायचं. त्याला त्याची खंत नव्हती. पण आपणही कधीतरी एखादी परीक्षा देऊन, प्रमाणपत्र मिळवून 'झालो बुवा काहीतरी' असं म्हणावं, ही इच्छा मात्र त्याने आत कुठेतरी जपून ठेवली होती.

आवाजाच्या धंद्यात तो आला तो अपघाताने. कोथरूडच्या एका सभागृहात तो वायफायची केबल ओढायला गेला होता. तिथे इंद्रजीत भोंडवे नावाचा साउंडवाला घामाघूम झालेला. इंद्रजीतचे वडील जुन्या काळापासून लाउडस्पीकर भाड्याने देणारे, आणि इंद्रजीतने नुकतीच नवी पद्धत आणली होती. पूर्वी स्टेजवरच्या प्रत्येक माइकसाठी आवाज जुळवणाऱ्या मिक्सरपर्यंत तांब्याची वेगळी जोडी जायची. अशा अठ्ठेचाळीस जोड्यांची मनगटाएवढी जाड केबल असायची, ती उचलायला तीन माणसं लागायची. नव्या पद्धतीत माइक सगळे स्टेजवरच्याच एका पेटीत लावायचे. तिला म्हणायचं स्टेजबॉक्स. ती पेटी आवाजाचे आकडे करते आणि ते आकडे ऑफिसात असते तशाच साध्या नेटवर्क केबलीतून सभागृहात मागच्या बाजूला असलेल्या मिक्सरकडे जातात. करंगळीएवढी एक केबल, आणि तिच्यात सगळी मैफल.

पण त्या दिवशी स्पीकरमधून टिक, टिक असा आवाज येत होता. इंद्रजीतने माइक बदलले, केबली बदलल्या. काही होईना.

उत्तरेश्वर शिडीवरून म्हणाला, "साहेब, या दोन पेट्यांचं घड्याळ एकच आहे का?"

"म्हणजे?"

"म्हणजे ही सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार आकडे पाठवते. ती घेते तेवढेच, पण आपल्या घड्याळानं. दोघींच्या घड्याळांत केसाएवढा फरक असला तरी आकडे सांडणार ना?"

इंद्रजीतने मिक्सरचा पडदा उघडला. स्टेजबॉक्स नेटवर्कचा म्होरक्या झाला होता, तो सगळ्यांना वेळ सांगत होता. पण मिक्सर मात्र नेटवर्कचं न ऐकता स्वतःच्याच अंतर्गत घड्याळावर चालला होता. मिक्सरचं घड्याळ नेटवर्कवर ठेवलं आणि टिकटिक थांबली.

"कुठे काम करतोस?" इंद्रजीतने विचारलं.

"शिडीवर," उत्तरेश्वर म्हणाला.

"मग खाली ये. उद्यापासून माझ्याकडे."

असा तो आला आणि रुजला. इंद्रजीतच्या गोदामातले स्वस्तातले स्विच त्यानेच बाद केले. हे स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे. नेटवर्कच्या केबली जिथे एकत्र येतात ती छोटी पेटी. स्वस्तातले स्विच वीज वाचवायला मधेमधे डुलकी घेतात. ऑफिसातल्या ईमेलला त्याने काही होत नाही, पण घड्याळाच्या निरोपाला उशीर झाला की आवाज तुटतो. उत्तरेश्वरने डुलकी बंद करता येते असे दोन चांगले स्विच घ्यायला लावले.

दोन का? तर एक मेला तर दुसरा असावा म्हणून. स्टेजबॉक्सला दोन तोंडं, मिक्सरला दोन तोंडं. पहिली वाट एका स्विचमधून, सभागृहाच्या डाव्या भिंतीवरून. दुसरी वाट दुसऱ्या स्विचमधून, उजव्या भिंतीवरून. सगळा आवाज एकाच वेळी दोन्ही वाटांनी जातो. एक वाट तुटली तर मिक्सर दुसऱ्या वाटेवरचा घेतो, ऐकणाऱ्याला कळतही नाही. अट एकच, की दोन्ही वाटांचं कुठेच काही सामाईक नको. स्विच वेगळे, केबली वेगळ्या आणि विजेच्या लाइनीही वेगळ्या. पहिला स्विच सभागृहाच्या यूपीएसच्या, म्हणजे वीज गेली तरी चालू राहणाऱ्या, लाइनीवर, दुसरा विंगेतल्या साध्या बोर्डावर. हा नियम उत्तरेश्वरनेच घातला होता आणि स्विच ठेवायच्या लोखंडी कपाटाच्या, म्हणजे रॅकच्या, दारावर मराठीत लिहून चिकटवलाही होता.

इंद्रजीतचं नेहमीचं काम कोथरूडच्या त्याच सभागृहात असायचं, आणि तिथे प्रेमलामावशी होत्या. येरवड्याहून दोन बस बदलून यायच्या. झाडलोट, चहा, आणि विंगेतल्या टेबलावर कलाकारांच्या कपड्यांना इस्त्री. अकरा वर्षं त्याच टेबलावर, त्याच बोर्डावर. मूळच्या बार्शीच्या, म्हणजे उत्तरेश्वरच्याच जिल्ह्यातल्या. त्याला त्या 'लेकरा' म्हणायच्या आणि डब्यातली शेंगदाण्याची चटणी हातावर ठेवायच्या.

एकदा तो उजव्या भिंतीवरून केबल लावत होता. खाली मावशी केर काढत होत्या.

"काय रं लेकरा, आत्ता तर त्या अंगानं लावलीस. ह्या अंगानं परत कशापायी?"

"मावशी, एक मेली तर दुसरीनं चालतं."

"आन् दोन्ही मेल्या तर?"

"दोन्ही एकदम मरत नाहीत. मरू नयेत म्हणूनच तर वेगळ्या ठेवतो."

"ब्येस हाय," मावशी म्हणाल्या आणि केर पुढे लोटला.

डिसेंबर दोन हजार सोळा. रविवारी सकाळी दहाची मैफल होती. गाणार होत्या मुक्ताई देवस्थळी. वय एकाहत्तर. वर्षापूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि त्यानंतरचं हे पहिलंच गाणं. पहिलं आणि बहुतेक शेवटचंही, असं लोक हळूच बोलत होते. आवाज आता बारीक झाला होता, पण माइक नीट लावला तर त्या बारीक आवाजात सगळं होतं. सभागृहाच्या ट्रस्टने ध्वनिमुद्रणाचं काम इंद्रजीतलाच दिलं होतं. मुद्रणाचा लॅपटॉप विंगेत, पहिल्या वाटेच्या स्विचवर.

त्याच आठवड्यात उत्तरेश्वरची नेटवर्क ऑडिओची परीक्षा होती. सरावासाठी म्हणून त्याने गोदामातून एक स्विच विश्रांतवाडीच्या घरी नेला होता. कुणाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर इंद्रजीत नाही म्हणाला नसता. गुरुवारी परीक्षा झाली, तो पास झाला. नम्रताने शेवयांची खीर केली. स्विच टीव्हीखालच्या कप्प्यातच राहिला.

रविवारी साडेसातला सभागृहात रॅक उघडला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. यूपीएसच्या लाइनीवरची जागा रिकामी. तेवढ्यात नम्रताचा फोन आला.

"अहो, तुमचा तो डबा इथेच राहिलाय. टीव्हीखाली."

"हो, आत्ताच बघितलं."

"मी आणून देऊ का? गाडीवर येते. पाऊण तास लागेल."

घड्याळात सात पस्तीस. मैफल दहाला. पाऊण तासात ती आलीच असती. पण ती थंडीत कोथरूडपर्यंत येणार, इंद्रजीत विचारणार की स्विच तुमच्या घरी कसा, मग आपण काय सांगणार? आणि परीक्षेत नुकताच पास झालेला माणूस. त्याला दुसरा रस्ता ठाऊक होता.

"नको," तो म्हणाला. "जमवतो मी."

त्याने उरलेल्या एकाच स्विचच्या आत दोन भाग पाडले. पहिली चार तोंडं पहिल्या वाटेची, पुढची चार दुसऱ्या वाटेची, मधे भिंत. एका भागातलं दुसऱ्या भागात जात नाही. हे करता येतं आणि चालतं. मिक्सरच्या पडद्यावर दोन्ही वाटांचे दिवे हिरवे झाले. स्टेजबॉक्स म्होरक्या, मिक्सर त्याच्या मागे, लॅपटॉप मागे. सगळं पुस्तकात असतं तसं. त्याला स्वतःच्या हुशारीचं जरा कौतुकही वाटलं.

फक्त तो उरलेला स्विच विंगेतल्या साध्या बोर्डावर होता. त्याचा प्लग काढून यूपीएसच्या लाइनीत लावायला एक मिनिट लागलं असतं. लावूच, असं तो मनात म्हणाला. तेवढ्यात तबलजी आले, हार्मोनियमचा माइक कुठे म्हणून हाका सुरू झाल्या, आणि ते मिनिट राहिलं ते राहिलंच.

मैफल रंगली. मुक्ताईंनी तोडी सुरू केला आणि सभागृह इतकं गप्प झालं की तानपुऱ्याच्या जव्हारीखाली पंख्याची घरघर ऐकू यावी. इंद्रजीत मागे मिक्सरवर, उत्तरेश्वर विंगेत. ट्रस्टचे व्यवस्थापक बापूराव नेने हातात शाल घेऊन विंगेत आले. मध्यंतरात मुक्ताईंचा सत्कार होता.

"मावशी, शालीच्या घड्या बघा कशा बसल्यात. जरा इस्त्री फिरवा."

मावशींनी टेबल ओढलं, इस्त्री लावली. तिची दोरी जुनी, कापडी वेष्टणाची. उत्तरेश्वरने ते पाहिलं. बोर्डही पाहिला. आणि त्याला वाटलं, आत्ता प्लग हलवला तर स्विच बंद पडेल. मध्यंतरात बघू.

दहा बावन्नला दोरीतून चटकन ठिणगी उडाली, बोर्डाचा खटका पडला आणि आवाज गेला.

दिवे चालू होते. मिक्सर चालू होता, स्टेजबॉक्स चालू होता, स्पीकर चालू होते. मधला स्विच तेवढा मेला होता, आणि त्याच्याबरोबर दोन्ही वाटा.

मुक्ताई गात होत्या. थांबल्या नाहीत. पण आता जो आवाज उरला तो माइकाशिवायचा, ऑपरेशननंतरचा, एकाहत्तर वर्षांचा. पहिल्या तीन रांगांपर्यंत तो कसाबसा पोचत होता आणि चौथ्या रांगेपाशी विरत होता. जे त्यांनी वर्षभर लोकांपासून झाकलं होतं ते आठशे माणसांसमोर उघडं पडलं होतं. मागच्या रांगेतून कुणीतरी, अगदी थंडपणे, म्हणालं, "अहो साउंडवाले, काही घरी विसरून आलात का?"

सभागृहात हशा पिकला.

उत्तरेश्वरचे हात मात्र चालू होते. स्विच पुन्हा सुरू व्हायला दोन मिनिटं घेतो, हे त्याला माहीत होतं. त्याने मिक्सरकडून आलेली पहिल्या वाटेची लांब केबल मेलेल्या स्विचमधून उपसली आणि थेट स्टेजबॉक्सच्या तोंडात बसवली. मधला दलालच काढून टाकला. एकमेकांपासून तुटल्यावर मिक्सर स्वतःलाच म्होरक्या समजून बसला होता. आता दोघे पुन्हा समोरासमोर आले, स्टेजबॉक्सकडे म्होरकेपण परत गेलं, मिक्सरने त्याचं घड्याळ धरलं, आणि आवाज परतला. सगळे मिळून पन्नास सेकंद.

टाळ्या पडल्या. मुक्ताईंसाठीही आणि आवाजासाठीही. पण मुद्रणाचा लॅपटॉप मेलेल्या स्विचवरच होता. स्विच पुन्हा सुरू झाला तरी थेट जोडलेल्या केबलीतलं काही त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. चालू मैफलीत केबली पुन्हा काढायची हिंमत उत्तरेश्वरला झाली नाही. मध्यंतरापर्यंतची अठरा मिनिटं मुद्रित झालीच नाहीत. तोडीतली द्रुत त्यांत होती.

मध्यंतरात विंगेत बापूराव मावशींसमोर उभे होते. आवाज न चढवता बोलत होते, आणि ते जास्त वाईट होतं.

"वा मावशी. अकरा वर्षं वाट पाहिलीत, आणि दिवस बरा शोधलात."

"सायब, तुमीच म्हनला हुता शालीला..."

"शालीला म्हणालो होतो. सभागृहाला नाही."

मावशींच्या हातात ती शाल होती. तिच्यावर करपल्याचा एक छोटा डाग पडला होता. त्यांनी उत्तरेश्वरकडे पाहिलं. तो केबल गुंडाळत होता. गुंडाळलेली केबल तो पुन्हा गुंडाळत होता.

इंद्रजीतने येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. "पन्नास सेकंद! दुसरा कोणी असता तर स्विचकडे बघत बसला असता. मानलं तुला."

दोन दिवसांनी ट्रस्टने लेखी अहवाल मागितला. इंद्रजीत म्हणाला, "तूच लिही. इस्त्रीमुळे लाइन गेली, एवढंच. खरं आहे ना?"

"खरं आहे, दादा."

खरं होतंच. त्याने तीन ओळी लिहिल्या. 'विंगेतील बोर्डावर लावलेल्या इस्त्रीत बिघाड झाल्याने विद्युतपुरवठा खंडित झाला. त्यामुळे ध्वनियंत्रणा पन्नास सेकंद बंद राहिली. आमच्या तंत्रज्ञाने ती तातडीने पूर्ववत केली.' एकही शब्द खोटा नव्हता. त्याने सही केली, आणि सहीखाली नव्या प्रमाणपत्राचा क्रमांकही लिहिला.

स्विच विश्रांतवाडीहून गुपचूप गोदामात आला. यूपीएसच्या लाइनीवर लागला. दारावरचा नियम तसाच चिकटलेला होता. तो वाचायला लागू नये म्हणून उत्तरेश्वर दार उघडं ठेवून काम करू लागला.

जानेवारीत तो सभागृहात गेला तर विंगेत टेबल नव्हतं. चहा एका नव्या बाईने आणला.

"मावशी कुठं गेल्या?"

"त्यांना काढलं की. त्या गाण्यात लाइट घालवली ना त्यांनी. साउंडवाल्यांनी लिहून दिलं म्हणे."

त्या दिवशी त्याने चहा घेतला नाही. तीन रात्री नीट झोप नाही. नम्रताने विचारलं, तर पित्त म्हणाला. एकदा भांडी लावताना ती म्हणाली, "मी त्या दिवशी न विचारता तो डबा घेऊन निघायलाच हवं होतं." तिचा त्यात काहीच दोष नव्हता, आणि तरी तीही स्वतःला लावून घेत होती.

रविवारी तो येरवड्याला गेला. मावशींचं घर तुरुंगाच्या मागच्या वस्तीत, एक खोली. मावशी उंबऱ्यात मेथी निवडत होत्या.

"ये लेकरा. कसं काय वाट चुकलास?"

आत लोखंडी निखाऱ्याची इस्त्री दिसली. शेजारपाजारचे कपडे घेऊन बसल्या होत्या. विजेची इस्त्री कुठे गेली, असं त्याने विचारलं.

"टाकली. आता हात लावायची छाती हुत न्हाई बग. सपनात येतंय. त्या बाई गात हायत्या, आन् त्वांड निसतंच हलतंय. माज्यामुळं झालं रं. म्हातारीची अब्रू म्या घालवली."

"मावशी, तुमच्यामुळं नाही झालं."

"तर? ठिणगी तर माज्याच हातात उडाली की." त्या काड्या बाजूला करत राहिल्या. मग अगदी सहज, जसं केर काढताना विचारलं होतं तसं, म्हणाल्या, "पर लेकरा, एक इचारू का? मी लई इचार केला. तू तर दोन लावतूस ना? ह्या अंगानं एक आन् त्या अंगानं एक. एक मेली तर दुसरीनं चालतं म्हनला हुतास. मग इस्त्रीनं दोन्ही कशा मेल्या?"

महिनाभरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. इंद्रजीतने नाही, ट्रस्टच्या इंजिनिअर असलेल्या सभासदांनी नाही. तो विचारला येरवड्याच्या एका उंबऱ्यात मेथी निवडणाऱ्या बाईने.

उत्तरेश्वरने सांगितलं. स्विच घरी नेल्यापासून, नम्रताच्या फोनपासून, न हलवलेल्या प्लगपर्यंत. तीन ओळींच्या अहवालासकट. सांगताना त्याने मेथीच्या जुडीकडे पाहिलं.

मावशींनी सगळं ऐकलं. हातातली जुडी खाली ठेवली.

"म्हंजे तुला ठावं हुतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"तवा, विंगंत उबा हुतास तवाबी."

"हो."

त्यांनी मेथीची परात उचलली आणि आत गेल्या. चहा ठेवतील असं त्याला वाटलं. त्या बाहेर आल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्याने इंद्रजीतला सांगितलं. इंद्रजीत गोदामात खोक्यावर बसला होता. ऐकून चिडेल असं वाटलं होतं. चिडला नाही.

"माझ्या पडद्यावर दोन्ही दिवे एकदमच लाल झाले होते," तो म्हणाला. "मला तेव्हाच खटकलं. एक गेला तर दुसरा कसा गेला? पण मी विचारलं नाही. पाठ थोपटली तुझी."

"मी बापूरावांना सांगणार आहे, दादा."

"ट्रस्टचं काम जाईल."

"जाईल."

"माझं जाईल, तुझं नाही. कळतंय का तुला?" मग तो म्हणाला, "नुसतं सांगू नकोस. त्यांना पटणार नाही. ते म्हणतील, या वायरी आम्हाला काय कळतात. दाखव."

म्हणून गुरुवारी दुपारी रिकाम्या सभागृहात उत्तरेश्वरने सगळं मांडलं. स्टेजबॉक्स, मिक्सर, दोन स्विच. एक यूपीएसवर, एक विंगेच्या बोर्डावर. एका माइकासमोर छोटा रेडिओ लावून ठेवला, आणि तो सगळ्या सभागृहात ऐकू येऊ लागला. बापूराव पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले.

"आता विंगेतला खटका पाडा, बापूराव. तुमच्या हातानं."

बापूराव उठले, खटका पाडला. मिक्सरवर एका वाटेचा दिवा लाल झाला, दुसऱ्या वाटेचा हिरवाच राहिला. घड्याळाचा म्होरक्याही बदलला नाही. स्टेजबॉक्सने दुसऱ्या वाटेने वेळ सांगणं चालू ठेवलं आणि मिक्सर ऐकत राहिला. रेडिओवरची बाई कांद्याचे भाव सांगत राहिली. एक अक्षरही गळलं नाही.

मग उत्तरेश्वरने यूपीएसवरचा स्विच काढून ठेवला. दुसऱ्याचे दोन भाग केले, त्या दिवशीसारखे. दोन्ही दिवे हिरवे झाले. "आता पुन्हा पाडा."

खटका पडला. सभागृह मुकं झालं.

बापूरावांनी खटका पुन्हा वर केला. उत्तरेश्वरने खिशातून नवा अहवाल काढला. दीड पान. शेवटी लिहिलं होतं, की नियमाप्रमाणे मांडणी केली असती तर इस्त्री जळूनही आवाज गेला नसता, आणि पूर्वीच्या अहवालात हे लिहायला हवं होतं.

बापूरावांनी चष्मा लावून तो सगळा वाचला.

"सही सुरेख आहे तुमची," ते म्हणाले. "गेल्या वेळेसही सुरेखच होती."

उत्तरेश्वर काढून ठेवलेला स्विच पुन्हा लावू लागला.

"आणि शालीला इस्त्री करा असं मी सांगितलं होतं," बापूराव स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "तेही कुणी लिहिलं नाही. मीसुद्धा."

मावशी फेब्रुवारीपासून परत आल्या. ट्रस्टने नवी इस्त्री दिली आणि तिच्यासाठी वेगळी लाइन. इंद्रजीतचं काम सहा महिने बंद राहिलं. त्याने उत्तरेश्वरला कामावरून काढलं नाही, पण त्यानंतर त्याची पाठही कधी थोपटली नाही. मुक्ताई पुन्हा जाहीरपणे गायल्या नाहीत. त्याचं कारण ते पन्नास सेकंद होते की वय, हे कुणी सांगू शकत नाही. पण उत्तरेश्वरकडे त्या मैफलीचं मुद्रण आहे. त्यात विलंबित आहे, मग अठरा मिनिटांची पोकळी, आणि मग सत्काराचं भाषण. वर्षातून एकदा तो ते लावतो आणि पोकळी पुढे न ढकलता पूर्ण ऐकतो.

ऑगस्टमध्ये काम पुन्हा सुरू झालं. पहिल्या दिवशी उत्तरेश्वर लवकर गेला. रॅक उघडून बसला होता तेवढ्यात मागे पावलं वाजली. मावशी. हातात केरसुणी.

त्या वाकल्या. पहिल्या स्विचच्या दिव्यावर बोट टेकवलं, मग त्याची वायर बोटाने चाचपत यूपीएसच्या प्लगपर्यंत गेल्या. मग दुसरा स्विच, त्याचीही वायर, विंगेच्या बोर्डापर्यंत. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"दोन्ही हायत न्हवं, सायब?"

"आहेत, मावशी."

त्या मान हलवून गेल्या. आजही प्रत्येक कार्यक्रमाआधी त्या येतात, वाकतात, दोन्ही वायरींवरून बोट फिरवतात आणि तेच विचारतात. अंगात ताप असला तरी येतात. उत्तरेश्वर त्या येईपर्यंत रॅकचं दार लावत नाही. चटणी मात्र आता हातावर येत नाही, आणि लेकरा ही हाक त्याने त्यानंतर ऐकलेली नाही.